दोन शब्दांवरून ठरवलं
जबलपूरच्या आमच्या कंपनीनं मारहाण सोसणाऱ्या बायांसाठी मदतीचं ॲप बनवलं होतं. त्यातला एक नियम मी लिहिला होता: संदेश दोन-तीन शब्दांचा असला, की तो बोलून पाठवलाय असं धरायचं आणि उत्तर मोठ्यानं ऐकवायचं.

जबलपूरजवळच्या पाटनच्या एका मराठी बाईनं न्हाणीघरात लपून टाइप केलं, "नवरा मारतो." फोन मोठ्यानं बोलला, "घाबरू नका. पोलिसांना कळवू का?" बाहेर नवऱ्यानं ते ऐकलं. त्यानं दार तोडलं, तिचं डोकं नळावर आपटलं आणि हात पिरगाळून मोडला.

कळल्यावर मी तिला भेटायला दवाखान्यात गेले. तिनं मला विचारलं, "दीदी, मी तर लिहिलं होतं. मग फोन काहून बोलला?"

माइक दाबल्याशिवाय फोन बोलणार नाही, असा बदल मी त्याच संध्याकाळी केला. तिचा हात मात्र वाकडाच राहिला.