पत्र पाठवलं होतं का?

जयवंत तिरोडकरांचा लेख एका टिपेवर अडला, तेव्हा स्मरणिका छापखान्यात जायला एकच दिवस उरला होता.

अंधेरीच्या केळीवाडीतल्या मुलींच्या शाळेला यंदा शंभर वर्षं होत होती. जयवंत या शाळेत एकोणिसाव्या वर्षी शिपाई म्हणून लागले. वडील गिरणीत, घर एका खोलीचं, त्यामुळे कॉलेज संध्याकाळचं. पदवी घेतली, टायपिंग शिकले, आणि निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या टेबलावर ‘मुख्य लिपिक’ अशी पाटी होती. अडतीस वर्षांत त्यांनी अकरा मुख्याध्यापक पाहिले. शाळेचा इतिहास लिहायला कुणी पुढे येईना, तेव्हा मंडळानं तो त्यांच्या गळ्यात मारला. त्यांनी तो आनंदानं घालून घेतला.

शाळेच्या दारावरच्या संगमरवरी पाटीवर लिहिलं आहे की पाच प्रतिष्ठित नागरिकांनी शाळा काढली. जयवंतांना ते कधीच पटलं नव्हतं. शाळेच्या पहिल्या इतिवृत्ताच्या वहीत, ८ मार्च १९२५च्या सभेखाली, एक वाक्य होतं: ‘जागेची व्यवस्था झाली आहे.’ कुणी केली, ते नाही. सभेत पाच पुरुष हजर आणि त्यांतल्या एकानंही श्रेय घेतलेलं नाही, ही गोष्ट जयवंतांना इतकी वर्षं खटकत होती. फुकटचं श्रेय सोडणारा सभासद त्यांनी तरी पाहिला नव्हता.

गेल्या दिवाळीत त्यांना मुलुंडच्या एका संशोधन ग्रंथालयात वैशंपायन घराण्याची कागदपत्रं असल्याचं कळलं. तिथे त्यांनी एक कागद पाहिला. वाडीतल्या गोदूताई वैशंपायनांनी बंगलेवाले रावसाहेब त्रिलोकेकर यांना लिहिलं होतं की मुलींच्या वर्गासाठी दोन खोल्या द्याव्यात. तारीख १२ जानेवारी १९२५. म्हणजे पाच जणांच्या सभेच्या जवळजवळ दोन महिने आधी! जयवंतांनी लेखाचं पहिलंच वाक्य लिहिलं: ‘ही शाळा गोदूताईंच्या पत्रातून उभी राहिली.’ खाली टीप दिली: ‘गोदूताईंचे पत्र, मुलुंडचे ग्रंथालय.’

स्मरणिकेच्या संपादक शर्मिष्ठा फणसे. इतिहासाच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या, मुक्काम गोरेगाव. त्यांनी सकाळी साडेआठला फोन केला.

“जयवंतराव, ही काय टीप आहे? मुलुंडला जाऊन ग्रंथालयाच्या दारात उभं राहायचं आणि गोदूताई, गोदूताई अशी हाक मारायची का?”

“बाई, पत्र आहे तिथे. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“तुमच्या डोळ्यांचा संदर्भ देता येत नाही. कुठला संग्रह, कितवा बस्ता, कितवं पान? माझ्यानंतर कुणाला ते बघायचं असेल तर त्याला तो कागद हातात मिळाला पाहिजे. संध्याकाळी सहाला मी पानं छापखान्याला पाठवतेय. तोवर टीप आली नाही तर तुमचं पहिलं वाक्य काढते आणि पाच प्रतिष्ठित नागरिक घालते.”

“पाच नागरिक? अहो बाई...”

“सहा वाजता,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

जयवंत मेट्रोनं घाटकोपरला आणि तिथून मुलुंडला पोचले तेव्हा ग्रंथालयाचं दार नुकतंच उघडत होतं. पिशवी कपाटात, पेन पिशवीत. आत न्यायला फक्त पेन्सिल आणि सुटे कागद. वाचनकक्ष सांभाळणाऱ्या वसुधा करंदीकरांनी त्यांना ओळखलं.

“या काका. परत वैशंपायन?”

“पाच मिनिटांचं काम आहे मॅडम. नुसता नंबर हवाय.”

मागणीपत्रक भरलं, बस्ता क्रमांक पाच आला. पान १८. जयवंतांनी नंबर टिपला आणि उठायच्या बेतात होते. वसुधाबाई बस्ता परत घ्यायला आल्या होत्या, त्यांची नजर कागदावर गेली.

“हे पत्र त्रिलोकेकरांना गेलं, असं लिहिताय का तुम्ही?”

“हो. त्यांनाच लिहिलंय की. हे बघा, वर नाव आहे.”

“मग हे गोदूताईंच्या घरात काय करतंय?”

जयवंतांनी कागद पुन्हा वरपासून पाहिला.

“पाठवलेलं पत्र ज्याला पाठवलं त्याच्याकडे जातं ना काका? हे त्यांच्याच घरच्या कागदांत निघालं. सही नाही. चार ठिकाणी खोडलंय. हा कच्चा खर्डा आहे. पाठवलं की नाही, ते या कागदावरून नाही सांगता येणार.”

अडतीस वर्षं जयवंतांनी शाळेची आवक-जावक सांभाळली होती. जावक क्रमांक पडला नाही म्हणजे पत्र गेलं नाही, हे त्यांनी अकरा मुख्याध्यापकांना ऐकवलं होतं. एका मुख्याध्यापकांना तर शिक्षणाधिकाऱ्यांसमोर. आणि आज स्वतःच खर्ड्याला पत्र म्हणून बसले होते.

“वाट लागली,” ते म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मान वर केली.

“तसं नाही. खर्डा म्हणून द्या की संदर्भ. ‘गोदूताईंनी असं लिहायचं योजलं होतं’ एवढं म्हणता येईल.”

“योजलं होतं, यावर आमच्या संपादक बाई पहिलं वाक्य ठेवणार नाहीत. मॅडम, गोदूताईंना आलेली पत्रं वेगळी ठेवलीत का?”

वसुधाबाई पहिल्यांदाच हसल्या. “आता बोललात! सहा, सात आणि आठ. पण आतली यादी झालेली नाही अजून. वरती नुसतं लिहिलंय, ‘आलेली पत्रे, १९१९ ते १९३०’. एका वेळी एकच बस्ता मिळेल. शेवटचं मागणीपत्रक चारला.”

रावसाहेबांनी उत्तर दिलं असेल तर ते गोदूताईंच्या घरी आलेलं असणार. आणि उत्तर देणारा माणूस, सरकारी असो की खाजगी, ‘आपले अमुक तारखेचे पत्र पावले’ असं लिहितोच. जयवंतांना हे कुणी शिकवावं लागणार नव्हतं. त्यांनी बाह्या सरसावल्या.

सहावा बस्ता म्हणजे बारशांची आमंत्रणं, मुंजींची आमंत्रणं, रत्नागिरीहून आलेल्या आंब्याच्या पेट्यांची खुशाली आणि एका नणंदेची लांबलचक गाऱ्हाणी. १९२४ संपलं, १९२७ सुरू झालं, मध्येच १९२१ आलं. जयवंतांच्या हातांना राहवेना. त्यांनी पत्रं तारखेनं लावायला घेतली.

“काका! लावू नका.”

“अहो, किती गोंधळ आहे.”

“गोंधळ आहे तसाच राहू दे. पानांवर नंबर त्याच क्रमानं पडलेत. तुम्ही हलवलंत तर आजवर ज्यांनी ज्यांनी संदर्भ दिलेत, ते सगळे खोटे पडतील.”

जयवंतांनी निमूटपणे पत्रं होती तशी ठेवली. दीडला खाली जाऊन वडापाव खाल्ला आणि दहा मिनिटांत परत आले. अडीचला सहावा संपला. हाती काही नाही.

सातवा बस्ता उघडला आणि त्यांना दुसरी धडकी भरली. निम्म्याहून अधिक पत्रं मोडीत होती. ओ की ठो कळत नव्हतं. मग त्यांनी वाचायचं सोडून बघायला सुरुवात केली. रावसाहेब बंगलेवाले, म्हणजे कागद छापील असणार, मथळ्यावर नाव असणार. पान ९, १०, ११. साधा कागद, साधा कागद, पोस्टकार्ड. पान २२, एका वैद्याची छापील जाहिरात. घड्याळात सव्वातीन. पान ३१ उलटलं आणि वरच्या कोपऱ्यात, फिकट निळ्या शाईत, ठसठशीत बालबोध अक्षरांत छापलेलं दिसलं: त्रिलोकेकर.

जयवंत खुर्चीवरून उठले. आवाज न करण्याची पाटी समोर होती म्हणून नुसते हात हलवत वसुधाबाईंच्या टेबलापाशी गेले.

“या. लवकर या. मोडी आहे.”

वसुधाबाईंनी चष्मा बदलला आणि बोट कागदाला न लावता, एकेक शब्द सोडवत, दबक्या आवाजात वाचू लागल्या. “सौभाग्यवती गोदूताई वैशंपायन यांस... सा. न. वि. वि. ... आपले तारीख... एकोणीस... जानेवारीचे पत्र... पावले.”

“पावले!” जयवंत म्हणाले. “पावले म्हणजे गेलं! गेलं होतं पत्र!”

“शू. ऐका पुढे. ‘मुलींच्या वर्गाकरिता आपण तीन खोल्या मागता. तीन देणे शक्य नाही. पूर्वेकडील दोन खोल्या चैत्रापासून देता येतील.’ तारीख चोवीस जानेवारी पंचवीस. खाली सही.”

शेजारच्या टेबलावरची मुलगीही आता उठून आली होती. तिनं विचारलं, “काका, काय मिळालं?” जयवंतांनी तिला थोडक्यात सांगायला घेतलं, पण त्यांना थोडक्यात काही जमेना.

“खर्ड्यात दोन खोल्या आहेत,” वसुधाबाई म्हणाल्या, “आणि तारीख बाराची. रावसाहेब एकोणीसचं पत्र म्हणताहेत, तीन खोल्यांचं.”

“म्हणजे गोदूताईंनी आठवड्यात विचार बदलला. दोन हव्यात म्हणून तीन मागितल्या! भाजी घेतात तसं!” जयवंतांना हसू आवरेना.

त्यांनी पत्राची नक्कल पेन्सिलीनं उतरवून घेतली. वसुधाबाईंनी शब्दन्‌शब्द ताडून पाहिला. वाक्यं जशीच्या तशी छापायची तर परवानगी लागते, म्हणून त्यांनी अर्ज भरून घेतला आणि ग्रंथपालांची सही आणून दिली. साडेचारला जयवंत जिन्यात आले आणि त्यांनी आधी घरी बायकोला फोन लावला.

“अनुपमा! गावला गो, गावला!”

“काय गावला? चष्मो?”

“पत्र! म्हणजे पत्राचा उत्तर! जाऊंदे, घराक इल्यावर सांगतंय.”

मग शर्मिष्ठाबाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“सांगा टीप,” त्या शेवटी म्हणाल्या.

“रावसाहेब त्रिलोकेकर यांचे गोदूताई वैशंपायन यांस पत्र, २४ जानेवारी १९२५, मोडी, अप्रकाशित. वैशंपायन संग्रह, बस्ता ७, पान ३१. मग ग्रंथालयाचं पूर्ण नाव, मुलुंड.”

“छान. आणि गोदूताईंचं पत्र?”

“ते मिळालेलं नाही, बाई. खर्डा आहे. १२ जानेवारीचा, बस्ता ५, पान १८.”

“तसंच लिहा. मूळ पत्र उपलब्ध नाही, खर्डा उपलब्ध आहे. आणि तुम्ही ते अवतरण दिलंय ना, ‘मुलींना दार उघडे मिळाले तर त्या आपण होऊन आत येतील’? ते खर्ड्यातलं आहे. गोदूताईंनी रावसाहेबांना असं लिहिलं, म्हणू नका. एकोणीसच्या पत्रात ते वाक्य असेल किंवा नसेल.”

“बाई, सगळ्यात सुंदर वाक्य आहे हो ते.”

“म्हणून तर जपून वापरा. ‘खर्ड्यात त्या म्हणतात.’ तीन शब्द वाढतील, चालतील.”

“आणि तीन मागून दोन मिळवल्या, ते?”

“तो तुमचा अंदाज. आवडला मला. पण छापायचा नाही.”

जयवंत जिन्याच्या पायरीवर बसले. मांडीवर कागद घेतला आणि पेन्सिलीनं पहिलं वाक्य नव्यानं लिहून बाईंना वाचून दाखवलं: “या शाळेसाठी जागा मागणारे पहिले पत्र गोदूताई वैशंपायन यांनी १९ जानेवारी १९२५ रोजी पाठवले.”

“पहिले?” बाईंनी विचारलं. “त्याआधी कुणी मागितलीच नव्हती, हे कुठल्या कागदात आहे?”

जयवंतांनी ‘पहिले’ खोडलं आणि वाक्य पुन्हा वाचलं.

“आता ठीक,” बाई म्हणाल्या. “पाच नागरिकांना मी तिसऱ्या परिच्छेदात टाकते. लिहिलंत त्याचा फोटो काढून पाठवा लगेच, पाच वाजत आले.”