रिकामा फ्रीज

माझा दादा बेकर आहे. गल्लीतल्या अर्ध्या घरांची सकाळ त्याच्या ब्रेडने होते, आणि त्याच्या स्वतःच्या घरात मात्र ब्रेडचा चुराही सापडायचा नाही. भट्टीवरून निघताना तो तिथेच आंघोळ करतो, कपडे बदलतो, नखांतलं पीठ काढतो. तरी दारात वहिनी त्याचे खिसे चाचपते. शेजारपाजारचे लोक याला हसतात. मी त्यांना म्हणते, एक दिवस चिमणीला तुमच्याकडे ठेवून घ्या आणि मग हसा. आजवर कुणी ठेवून घेतलेलं नाही.

चिमणी ही त्यांची मुलगी, माझी भाची. जन्मली तेव्हा तिच्या अंगात जोरच नव्हता. उचलली की हातपाय लोंबायचे, रडणंही इतकं बारीक की शेजारच्या खोलीत ऐकू यायचं नाही. दूध ओढता येईना, म्हणून नाकातून नळी घालून भरवायचे. दादा नवस बोलणारा माणूस नाही, पण तेव्हा रोज हात जोडायचा, की पोरीला नुसतं खाता येऊ दे. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात ना! तिसऱ्या-चौथ्या वर्षी चिमणी खायला लागली, ती थांबेचना. पोट भरलं हा निरोप तिच्या मेंदूपर्यंत पोचतच नाही. ताट संपलं की ती पहिल्याइतकीच भुकेली असते. एकदा तिने केराच्या डब्यातली सालं खाल्ली, एकदा गोठलेलं लोणी दातांनी तोडलं. रडून, चिडून, गोड बोलून, चोरून, सगळ्या वाटांनी ती अन्नापर्यंत पोचते. आणि ही हाव नाही हो, हा आजार आहे, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

तपासणी झाली तेव्हा मी बरोबर होते. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "पंधराव्या गुणसूत्रावरचा वडिलांकडून येणारा एक तुकडा गळालेला आहे. हे आपोआप होतं, यात कुणाचीही चूक नाही." दादाने पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं त्याने अजून ऐकलेलं नाही.

भुकेवर औषध नाही. वाढीवर मात्र होतं. रोज झोपताना वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन, पेनसारखं, कातडीखाली टोचायचं. त्याने उंची वाढते, चरबी कमी होऊन स्नायू धरतात. ते सुरू झालं आणि चिमणी जिना चढायला लागली. हे वाचायला काही वाटत नाही, पण वहिनीने त्या दिवशी जिन्यातच बसकण मारली होती.

हे पेन थंड ठेवावं लागतं, आणि घोळ इथेच झाला. चिमणीने घरच्या फ्रीजचं कुलूप उचकटल्यावर वहिनीने फ्रीजच काढून टाकला. स्वयंपाकघराला कुलूप, किल्ली गळ्यात, जेवण ठरल्या वेळी आणि मोजून. मग पेन कुठे ठेवायचं? दादा म्हणाला, "भट्टीवरच्या मोठ्या फ्रीजमध्ये ठेवतो. संध्याकाळी थर्मासमधून आणीन, सकाळी परत नेईन." त्याने कधी खाडा केला नाही. ताप असतानाही थर्मास काखेत धरून यायचा.

आणि तरीही मागच्या वर्षी चिमणीची उंची थांबली. दवाखान्यातल्या तक्त्यावरची तिची रेघ आडवी झाली. वजन चढलं, गाल सुटले, ती पुन्हा जिन्यात बसायला लागली. रक्तात हार्मोनचा परिणाम दिसेना. डॉक्टरांनी विचारलं, "खाणं वाढलंय का? कोणी लपून देतंय का?"

वहिनीने फक्त दादाकडे पाहिलं.

घरी आल्यावर ती फुटली. "बेकरीवाला बाप! तिच्या डोळ्यांत पाणी आलं की तुमचं काळीज लगेच विरघळतं. काय देता तिला? बिस्किटं देता?"

"एक कणही दिला नाही," दादा म्हणाला.

"मग वाऱ्यावर फुगली का पोर?"

वहिनीचं चुकत होतं असं मला तेव्हा म्हणवेना. मीही दादाला ओळखते, तो कुत्र्यालाही उपाशी पाठवत नाही. पुढची तपासणी ठरली होती. तोवर फरक दिसला नाही तर इंजेक्शन बंद करणार होते. दादा चिमणीजवळ बसेनासा झाला. ती "बाबा" म्हणून आली की हात वर करायचा, रिकामे आहेत हे वहिनीला दिसावं म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा असतात, इथे साव मुक्याने तळहात दाखवत होता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "एक एक गोष्ट बघू. पेन कुठे ठेवता?"

दादाचा चेहरा उजळला. निदान या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे चोख होतं. "भट्टीवरच्या फ्रीजमध्ये. कामावरची पोरं लोण्याचे हात घेऊन सारखी दार उघडतात, म्हणून पुढे नाही ठेवत. अगदी आत, मागच्या भिंतीला टेकवून. तिथे कुणाचा हात लागत नाही. क्रीम टिकावं म्हणून मागच्या उन्हाळ्यापासून थंडावा वाढवलाय, तर तिथे छान बर्फ धरतो."

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "इंजेक्शनचं पेन थंड ठेवायचं असतं," ते हळूच म्हणाले, "गोठवायचं नसतं. एकदा गोठलं की त्यातलं औषध मरतं. वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखंच दिसू शकतं."

म्हणजे इतके महिने तो रोज पोरीला सुई टोचत होता आणि आत नुसतं पाणी जात होतं. स्नायू सुटले, चरबी वाढली, तीही तेवढ्याच खाण्यावर. वहिनी खाली बघत होती. दादाने विचारलं, "आता नवीन पेन दिलं की भरून निघेल ना?"

"गेलेले महिने परत येणार नाहीत. मनगटाच्या एक्स-रेत हाडं अजून उघडी आहेत, म्हणजे वाढू शकतात, पण फार काळ नाही. आणि आज लगेच सुरूही करता येणार नाही. वजन वाढलंय, झोपेत घोरते म्हणता. श्वास अडकत असेल आणि त्यावर सुरू केलं तर जिवाला धोका आहे. आधी झोपेची तपासणी, मग बघू."

दादाने रुमाल काढला, तो तोंडावर धरला आणि लहान पोरासारखा रडला. मी माझ्या भावाला आमचे वडील गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. वहिनीने त्याचा हात धरला, पण तो तिच्याकडे बघेना.

झोपेच्या तपासणीत श्वास अडकतोच असं निघालं. टॉन्सिल काढावे लागतील, मग पुन्हा तपासणी, मग कदाचित पेन. पण औषध पुन्हा भट्टीवर ठेवायचं नाही हे दादाने ठरवलं. त्याने छोटा फ्रीज घरी आणला. त्यात थर्मामीटर टांगला, आणि दुसरं काही ठेवलं नाही. कुलूपही लावलं नाही.

"कुलूप असलं की तिला वाटतं आत काहीतरी आहे," तो मला म्हणाला. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, की मिळेल अशी आशा असली की ही मुलं तडफडतात, आशा नसली की जरा शांत होतात.

काल मी तिथे होते. चिमणीने फ्रीजचं दार उघडलं. मागच्या भिंतीपर्यंत हात फिरवून पाहिला. मग दादाकडे वळून तिने विचारलं, "बाबा, उद्या असेल?"

दादा पहाटेपासून गावासाठी ब्रेड भाजून आला होता. तो तिच्याजवळ खाली बसला.

"नाही गं बाळा," तो म्हणाला. "उद्याही नाही."

चिमणीने दार लावलं आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं.