कूलरसमोरची बाजू

बॅडमिंटनमधला माझा नेटजवळचा खेळ एका कूलरनं सुधारला आणि श्रेय मी घेतलं, हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर नातवंडं सांगतील, आणि ती मीठमसाला लावून सांगतात.

तेव्हा मी एकावन्न वर्षांची कोवळी पोर होते. अमरावतीच्या आमच्या हॉलमध्ये दुपारी चारची वेळ बायकांची. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालेलं, आत कोर्टाच्या एका टोकाला, मागच्या खिडकीत, भलामोठा कूलर. माझ्यासोबत खेळायला बडनेऱ्याहून बांगड्यांच्या दुकानाची मालकीण यायची, माझ्याहून वर्षभरानं लहान. ती मला ताई म्हणायची, मी तिला भाभी. अकोल्यात पन्नाशीवरच्या बायकांची एकेरीची निवड होती, नाव आम्ही दोघींनीही दिलं होतं, आणि राज्य स्पर्धेसाठी आमच्या भागातून एकच जागा. ती मला हवी होती. इतकी, की कुकरसमोर उभी असतानाही माझं मनगट हवेत फिरत असायचं.

पहिल्या दिवशी मी कूलरकडे तोंड करून उभी राहिले. ती बाजू मग माझीच झाली. भाभी रोज म्हणायची, आज बाजू बदलू. मी म्हणायची, माझं अंग तापते, उद्या पाहू.

दोन फटके मी घोटत होते. एक कोलांटीचा. शटल नेटच्या वरच्या पट्टीच्या उंचीवर असतानाच गाठायचं, पकड सैल, आणि बुचाखालून रॅकेट आडवी सरकवायची, घासल्यासारखी. शटल कोलांट्या खात पलीकडे उतरतं. ते सरळ होईपर्यंत समोरचीला थांबावं लागतं, तोवर ते गुडघ्याखाली गेलेलं असतं, आणि उंच उचलण्याशिवाय तिच्या हाती फार काही उरत नाही. दुसरा तिरपा. तयारी हुबेहूब सरळ फटक्याची. शेवटच्या क्षणी बोटांनी रॅकेटचं तोंड वळवायचं, की शटल नेटच्या कडेकडेनं दुसऱ्या कोपऱ्यात. त्याची वाट लांब, म्हणून समोरची सरळ फटक्यावर धावून आली असेल तेव्हाच तो खेळायचा.

माझी शटलं नेटला अशी बिलगून पडत की मी स्वतःवरच खूश. जरा जोरात गेलं तरी समोरचा वारा त्याला माझ्याकडे दाबायचा, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. भाभीचं उलटं. वारा तिच्या पाठीशी. थोडं जास्त लागलं की शटल तरंगत माझ्यापुढे यायचं आणि मी ते खाली आपटायची. बिचारी दिवसेंदिवस हात हलका करत गेली. मी वर तिला शिकवायची, की भाभी, जरा धीटपणे मारा.

अकोल्याच्या बसमध्ये मी तीनदा जागा बदलली. हॉलमध्ये पोचलो तर दारं बंद, पंखे बंद; शटल हलतं म्हणून. नावं चारच होती. पहिल्या सामन्यात माझ्याविरुद्धची बाई आलीच नाही. भाभी तिचा सामना जिंकली. म्हणजे शेवटी आम्ही दोघीच. मध्ये दोन तास होते. मी पायऱ्या चढले, उतरले, बुटांच्या नाड्या सोडल्या, बांधल्या. भाभी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. 

माझा पहिला कोलांटीचा फटका पट्टीच्या वीतभर वरून गेला. भाभीनं तो उलटण्याची वाटही पाहिली नाही, टपकन खाली मारला. तिरपा खेळले, तो बाजूच्या रेषेबाहेर. उचललेली शटलं मागच्या रेषेपलीकडे. मग घाबरून हात आखडला, तर सगळी नेटमध्ये. आणि तिची? पट्टीवरून घरंगळत माझ्या बाजूला टपटप पडत होती. वर ती नेटजवळच, रॅकेट उंच धरून, माझ्या उत्तराची वाट पाहत उभी. पहिल्या डावात माझे नऊ झाले, दुसऱ्यात अकरा. तिला धीटपणा शिकवणारी बाई मीच होते.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत माझा एकच चाळा. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. भाभी शेंगदाणे सोलत होती. शेवटी मी विचारलं, कूलरच्या वाऱ्याचं मला नीट सांगितलं काहून नाही? तिनं सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

"ताई, तुमाले बाजू बदला म्हणता म्हणता माही जीभ थकली. आता राज्यात मले खेळाचं हाय, तुमी उद्या चारले याच. कूलर बंद ठेवू, दोघीबी घामानं मरू."