तापीच्या दोन्ही काठांवर एकाच दिवशी

माझ्या हातून नोकरीत चुका पुष्कळ झाल्या. पण ही एक आठवली की आजही घास गोड लागत नाही.

नवापूरला एका अंडी-व्यापाऱ्याच्या ऑफिसात मी काम करते. आमची अंडी सुरतेला जातात, बेकऱ्यांना, हॉटेलांना, मेसवाल्यांना. गिऱ्हाइकांना फोन करून भेटीच्या वेळा ठरवायचं काम माझं. त्या वेळा पाळत सुरतभर रिक्षानं हिंडायचं काम काकांचं. काका म्हणजे आमचे फिरतीवरचे विक्रेते, अठ्ठावन्न वर्षांचे. सकाळच्या गाडीनं जायचे, रात्री परतायचे. बोलणं सगळं अहिराणीत, अगदी मालकाशीसुद्धा.

काकांचा एकच नियम होता. "पोरी, एक दिनमा तापीना एकच काठ." म्हणजे अडाजणकडच्या भेटी एका दिवशी आणि नदीपलीकडच्या वराछाच्या दुसऱ्या दिवशी. पुलांवर आणि मार्केटच्या रस्त्यावर दिवस खाल्ला जातो, असं ते म्हणायचे. मला हसू यायचं. नवापुरात कुठूनही कुठं जायला दहा मिनिटं लागतात, त्यामुळे रस्त्याला वेळ लागतो असं मला वाटायचंच नाही. शिवाय माझ्याकडे मोबाईलवर नकाशा होता. दीडशहाणी म्हणतात ती मीच.

त्या महिन्यात मालक काकांवर चिडलेले होते. वराछाच्या बाजूला एक मोठा मेसवाला होता, वसतिगृहांना जेवण पुरवणारा. तो धरला नाही तर तुम्हाला सुरतेवरून काढून खांडबाऱ्याच्या कोंबड्यांच्या शेडवर बसवतो, असं त्यांनी काकांना सगळ्यांसमोर सुनावलं. मी बाजूलाच होते.

त्या मेसवाल्याला मी फोन केला. तो म्हणाला, "उद्या पाचला या, नाहीतर परवा सकाळी अकराला. साडेपाचला मला स्वयंपाकघरात जावं लागतं." परवा अकरा म्हटलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण उद्या काकांची अडाजणला साडेतीनची बेकरी ठरली होती आणि त्याआधी तिकडेच दोन भेटी. पाचची धरली की एका दिवसात चार होणार, मालक खूश होणार. मी उद्याचे पाच सांगून टाकले.

नकाशा बघितला होता, नाही असं नाही. त्याला फोन करायच्या आधी, सकाळी सातला, घरी चहा पिता पिता. पंचवीस मिनिटं दाखवत होता. निघायची वेळ टाकून बघता येतं, संध्याकाळची गर्दी धरून वेळ सांगतो, हे मला माहीत होतं. मी टाकली नाही. बेकरीत पाऊण तास, सव्वाचारला निघतील, वर वीस मिनिटं शिल्लक. झालं माझं गणित.

वेळांचा मेसेज गेल्यावर काकांनी फोन केला. "त्या टाइमले पूल भरेल ऱ्हास, पोरी."

"नकाशा पंचवीस मिनिटं सांगतोय, काका," मी म्हणाले, तेही जरा तोऱ्यात. त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्यानं त्यांना आधी वीस मिनिटं बसवून ठेवलं. बाहेर पडले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. पुलावर रांग, पुढं कापडाचे टेम्पो, मेट्रोच्या कामानं अर्धा रस्ता खोदलेला. मेसवाल्याच्या दारात पोचले तेव्हा सहाला दहा कमी. तो निघून गेला होता. नंतर त्यानं माझा फोन उचलला तो, दुसऱ्याशी बोलणं झालंय, एवढं सांगायला.

मालकांनी ऑफिसातून काकांना फोन लावला, आवाज मोठा ठेवून. पलीकडून काका म्हणाले, "मन्हीच चूक शे, सायेब. मी उशिरा निंघनू."

मी समोर बसून होते. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? चार शब्द ऐकावे लागले असते, फार तर. पण मी मूग गिळून बसले आणि मालक काकांना नाही नाही ते बोलत राहिले. आठवडा संपायच्या आत काका खांडबाऱ्याच्या शेडवर ट्रे मोजायला गेले.

त्यानंतर मी शहाणी झाले. आता संध्याकाळची वेळ टाकून रस्ता बघते, वर अर्धा तास धरते, फाटकावरच्या नोंदीला आणि लिफ्टला दहा मिनिटं वेगळी. नवा फिरतीवाला कधी उशिरा पोचत नाही. मालक माझं कौतुक करतात. ते कौतुक ऐकवत नाही.

शेवटी एका रविवारी पॅसेंजर पकडून खांडबाऱ्याला गेले. शेडच्या बाहेर काका खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. परवा अकराचं सोडून पाच धरले हेही. चार भेटींचा हावरेपणाही.

काकांनी ऐकून घेतलं.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "तुन्हा मेसेज मन्हा फोनमा शेच. मेसवालानीबी माले फोनवर सांगं व्हतं, परवाना अकरा दिधेल व्हतात म्हणीसन."

"मग मालकांना दाखवला का नाही?"

"दोन दिन वाट दखी," काका म्हणाले. "म्हतलं, तू स्वता सांगशी."