शेळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची ओळख

कुंडलला आमच्या बचत गटाच्या मेळाव्यात पाहुणीची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडं आलं. पाहुणी जनावरांची डॉक्टर होती. तिनं पाठवलेला कागद मी सगळा वाचला, पदव्या आणि पुरस्कारांसकट. पुढच्या महिन्यात सांगलीच्या मोठ्या मेळाव्यात तिचीच ओळख करून द्यायची होती. ते काम माझ्याकडं राहील की एखाद्या शिकलेल्या सुनेकडं जाईल, हे ठरायचं होतं.

चहाच्या वेळी मी बायकांना विचारलं, "कसं झालं? खरं सांगा."

"आवं काकी, तुमचं वाचून हुईस्तोवर माझी शेळी व्याली असती," एक म्हणाली.

दुसरी म्हणाली, "मला वाटलं माणसांची डॉक्टर हाय. गुडघं दावाया थांबले की मी!"

राग आला, पण दोन्ही गोष्टी कागदामागं लिहून घेतल्या. मग डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, "तुमाला काय सांगितलेलं आवडंल?"

"पदव्या राहू द्या. लहानपणी कवठे महांकाळला मी शेळ्या राखायचे, ते सांगा."

मी घरी सगळं खोडून चार वाक्यं लिहिली. शेळ्या राखणारी पोर, आता जनावरांची डॉक्टर, आज शेळ्यांच्या रोगांवर बोलणार, आणि शेवटी नाव. माझ्या सुनेला वाचून दाखवलं. "रोगांवर न्हाई, करडं का मरत्यात त्यावर म्हणा," ती म्हणाली. तेही बदललं.

सांगलीत माईक माझ्याच हातात होता. नाव घेतलं, टाळ्या पडल्या. पाहुणी उठायच्या आत मागून एकीनं करडाबद्दल विचारलंसुद्धा. कागदावर मी लगेच पाचवं वाक्य लिहिलं: प्रश्न भाषणानंतर विचारा.