चारुताचा पहिला अंक

चारुता वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांना माणसं नेमण्या-काढण्याबद्दल सल्ला द्यायची. लिंक्डइनवर न्यूजलेटर काढायचं ठरलं, तेव्हा नवरा मंदार म्हणाला, "मुलाखतीच्या टिप्स दे, दर आठवड्याला. मालक खूश."

"दर आठवड्याला सांगण्यासारखं कुठंय माझ्याकडं? महिन्यातून एकदा, चहाच्या सुट्टीत वाचून होईल एवढंच."

विषय तिच्या मनात केव्हाचा ठरला होता: दुष्काळात गावी अडकलेला कामगार. आदल्या उन्हाळ्यात आजारी आईसाठी टँकरची वाट बघत गावी थांबलेल्या सुपरवायझर बिभीषणला गैरहजेरीवरून काढायचा सल्ला तिचाच होता.

"गिऱ्हाईकं तुटतील बाई," विषय ऐकून मंदार म्हणाला.

"तुटू देत."

तिनं बिभीषणचं नाव न घेता, स्वतःच्या सल्ल्यासकट सगळं लिहिलं. अंक काढण्याआधी बजाजनगरला त्याच्या खोलीवर जाऊन त्याला भेटायचं, असं मनात होतं. पण ते राहून गेलं; अंक प्रसिद्ध करताच लिंक्डइनवर तिच्याशी जोडलेल्या सगळ्यांना सदस्य होण्याचं आमंत्रण आपोआप गेलं, आणि त्यात तोही होता.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. "मॅडम, वाचलं. लई खरं लिवलंत. माय दिवाळीआधी गेली, नायतर तिला वाचून दाखवलं असतं."

चारुता उत्तर लिहायला बसली. अंकाची लांबी ठरवणं सोपं होतं. इथं तिला एक ओळसुद्धा लिहवेना.