तेराव्या विधानाची परवानगी

मला वाट बघता येत नाही. दूध तापायला ठेवलं तरी मी त्याच्यासमोर उभी राहून त्याला मनातल्या मनात झापते. अशा बाईनं पीएच.डी.च्या नादी लागू नये हे मला नोंदणीच्या दिवशीच कळायला हवं होतं. पण तेव्हा मी हौसेत होते. विषयही घरचाच निवडला होता: आमच्या नांदे गावात आणि आसपासच्या गावांत ज्यांनी जमिनी विकल्या, त्यांचं आपल्या जागेशी आता काय नातं उरलंय.

आमचीही जमीन गेली. गेली म्हणजे विकली, चांगल्या भावानं विकली, उगाच रडगाणं गाणार नाही. जिथं भात लावायचो तिथं आता तीन इमारती उभ्या आहेत. उरलेल्या तुकड्यावर आप्पांनी खोल्या बांधल्या आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोरांना भाड्यानं दिल्या. आई-आप्पा आणि मी त्याच आवारात, पुढच्या घरात राहतो; भाऊ गावातच वेगळा राहतो. आप्पा सकाळी पाण्याचा टँकर आला का बघतात, दुपारी पेपर वाचतात आणि संध्याकाळी पारावर बसतात.

तर अशा लोकांचं नातं मोजायचं कसं, हे शोधताना मला परदेशातल्या एका बाईंनी तयार केलेली मापनश्रेणी सापडली. बारा विधानं, आणि प्रत्येकापुढे ‘अजिबात नाही’पासून ‘पूर्णपणे’पर्यंत पाच पर्याय. श्रेणी नावाजलेली होती, पण एक अडचण होती. ती गाव सोडून गेलेल्या लोकांसाठी होती. ‘मी जिथून आलो त्या जागेची मला आठवण येते’ अशा धर्तीची विधानं. आमच्याकडे कुणी कुठे गेलंच नव्हतं. माणसं तिथंच बसून होती आणि त्यांच्या बुडाखालून गाव निघून गेलं होतं. म्हणून काही विधानं बदलायची होती आणि एक नवं घालायचं होतं. ते मी आप्पांच्या तोंडून ऐकलं होतं. पारावर कुणीतरी त्यांना म्हणालं, ‘तुमचं बरं हाय, गाव सोडावं लागलं न्हाई.’ त्यावर आप्पा म्हणाले, ‘आमी हितंच हाय, तरी हितली आठवन येती.’ मी घरी येऊन ते लिहून ठेवलं. तेच माझं तेरावं विधान.

दुसऱ्याची श्रेणी बदलून वापरायची तर मूळ कर्त्याची लेखी परवानगी लागते. ती जोडल्याशिवाय विद्यापीठाची नीतिसमिती, म्हणजे एथिक्स कमिटी, प्रस्ताव हातात धरत नाही, आणि समितीच्या मंजुरीशिवाय एकालाही प्रश्न विचारता येत नाही. समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. म्हणजे एक ईमेल पाठवायचा होता. पण आमच्याकडे साधा ईमेल पाठवणं म्हणजे अनवाणी लग्नाला जाण्यासारखं आहे.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, ‘तिकडे मोठ्या बाई आहेत त्या. रीतसर अर्ज कर. विभागाच्या लेटरहेडवर, योग्य मार्गानं.’ मग मी ‘आदरणीय’पासून ‘आपली विश्वासू’पर्यंत दोन पानी अर्ज इंग्रजीत लिहिला. त्यावर सरांची सही झाली, विभागप्रमुख रजेवरून आल्यावर त्यांची झाली, मग गोल शिक्का बसला. तो स्कॅन केला. ईमेलमध्ये काय लिहू विचारलं तर सर म्हणाले, ‘सोबत जोडले आहे, एवढं पुरे. सगळं आत आहेच की.’ मी तसंच केलं आणि त्या दिवसापासून दर थोड्या वेळानं मोबाइल बघायला लागले.

उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मी तोच अर्ज पुन्हा पाठवला, पुन्हा तसाच, एका ओळीखाली बांधून. समितीची तारीख जवळ आली तशी माझी चिडचिड घरभर पसरली. भाडेकरू पोरांनी गाडी आडवी लावली म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. आईनं विचारलं, ‘कुनाच्या पत्राची येवढी वाट बघतीयास?’ मी म्हटलं, ‘एका बाईच्या. तिनं व्हय म्हटलं की माझं काम सुरू व्हतंय.’ आई म्हणाली, ‘मंग नीट बोलली नसशील तिच्याशी.’ मला राग आला, पण ते बरोबर होतं.

त्याच दिवशी मी सरांना न विचारता नवा ईमेल लिहिला. शिक्का नाही, जोडपत्र नाही. मी कोण, कुठे शिकते, त्यांची श्रेणी कशासाठी हवीय, अभ्यास प्रबंधापुरता आहे, पैसे कमवायचे नाहीत, मराठीत भाषांतर करून दुसऱ्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून घेणार आहे. कोणती विधानं बदलायची ते जुनं-नवं शेजारीशेजारी लिहिलं. आणि का बदलायची हे सांगताना पारावरचा तो प्रसंग लिहिला, आप्पांचं वाक्य इंग्रजीत करून.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आधीचे दोन्ही ईमेल त्यांना स्पॅममध्ये सापडले होते. अनोळखी पत्ता, एका ओळीचा मजकूर आणि एक जाडजूड जोडपत्र, त्यांच्या यंत्रणेनं ते परस्पर कचऱ्यात ढकललं होतं. आमची ती सगळी रीत, दोन सह्या आणि गोल शिक्का, फसवणूक वाटली होती. मी हसत सुटले.

त्यांनी परवानगी दिली होती. अटी स्पष्ट होत्या. बदललेली श्रेणी ‘सुधारित’ म्हणूनच सांगायची. मूळ श्रेणीच्या विश्वासार्हतेचे आकडे तिला चिकटवायचे नाहीत, तिची तपासणी नव्यानं करायची. उलट भाषांतर त्यांना पाठवायचं. मूळ श्रेणी पूर्णच्या पूर्ण परिशिष्टात छापायची असेल तर ज्या नियतकालिकात ती आली त्याच्या प्रकाशकालाही विचारायचं. आणि शेवटी लिहिलं होतं: ‘तेरावं विधान माझं नाही, त्यामुळे त्याची परवानगी मी देऊ शकत नाही. ते वेगळं ठेवा, त्याचे गुण माझ्या बारांमध्ये मिसळू नका. आणि वडिलांचे शब्द वापरता आहात हे त्यांना ठाऊक आहे ना?’

त्यांना ठाऊक नव्हतं. पण तो कितीसा प्रश्न होता! समिती सोमवारी होती, प्रस्ताव तयार होता. मी पारावर न जाता आप्पा घरी यायची वाट पाहिली, म्हणजे दारात येरझाऱ्या घातल्या.

‘आप्पा, तुमचं एक वाक्य मी माझ्या अभ्यासात घेतलंय. घेऊ ना?’

‘कुठलं?’

मी सांगितलं. आप्पांनी चप्पल काढली, पाय धुतले आणि पायरीवर बसत म्हणाले, ‘ते माझं न्हाई. तुझी आई म्हनती ते. मी आपलं ठोकून दिलं चारचौघांत.’

मी स्वयंपाकघरात गेले. आई भाकऱ्या थापत होती. तिला सगळं सांगितलं, ती परदेशातली बाई काय म्हणाली तेसुद्धा. आईला गंमत वाटली.

‘येवढ्या लांबची बाई म्हनली, इचार म्हनून?’

‘व्हय. घेऊ का मग तुझं वाक्य?’

‘घे की. त्याला काय पैसं पडत्यात.’ तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. ‘मंग ते फारम मलाबी भरायचं आसंल.’

माझ्या पाहणीत कोण येणार हे मी फार आखीवरेखीव ठरवलं होतं: सातबाऱ्यावर ज्यांचं नाव होतं आणि ज्यांनी जमीन विकली ते खातेदार. यादी तलाठ्याकडून मिळते, नावं पक्की असतात, समितीला आवडतं. आईचं नाव सातबाऱ्यावर कधीच नव्हतं. आमच्या गल्लीतल्या एकाही बाईचं नव्हतं.

‘तुला नाही भरता येणार,’ मी म्हटलं, आणि का ते सांगितलं.

आईनं भाकरी उलटली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. ‘व्हय, बराबर हाय. इकायच्या टायमालाबी तसंच झालं. तुझी सही झाली, तुझ्या भावाची झाली. वकील म्हनला, बाईची लागत न्हाई. मी समद्यांना च्या केला.’

तो दिवस मला आठवत होता. ओट्यावर मांडलेले कागद, जिथे फुली मारलीय तिथे सही करा म्हणणारा वकील, सही करताना मला वाटलेला मोठेपणा. मुलगी म्हणून माझा हक्क आहे, असं मी वकिलाला ऐकवलंही होतं. आई कप गोळा करत होती तेव्हा ती काय म्हणतेय याकडे मी लक्ष दिलं नाही. बहुतेक तेव्हाच ती हे वाक्य म्हणायला लागली असणार. ते ऐकणारे एकटे आप्पा होते. मला लाज वाटली, आणि नेहमीप्रमाणे लाजेचा राग आला.

मी सरांना फोन करून आईच्या वाक्याचं सगळं सांगितलं आणि म्हटलं की नमुना बदलायचाय, खातेदारांबरोबर त्यांच्या घरच्या बायकाही घ्यायच्यात. सर म्हणाले, ‘आता? परवानगी आलीय, सगळं जुळलंय, सोमवारी मंजूर होईल. ते तेरावं वगळून टाक आणि मोकळी हो. नाहीतर पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं लागेल.’ मी म्हटलं, ‘थांबते.’ ते एवढे चकित झाले की रागवायचेसुद्धा विसरले.

ते तीन महिने मी कसे काढले ते घरातल्यांना विचारा. नमुना बदलला, त्याची कारणं लिहिली, मूळ लेखिकेला पुन्हा साधा ईमेल लिहून सगळं कळवलं. ‘बायका घेतल्यात हे उत्तम,’ एवढंच त्यांचं उत्तर आलं. समितीनं दोन शंका काढल्या आणि मंजुरी दिली. मग चाचणी म्हणून आधी थोड्या लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती, विधानं कळतात का ते बघायला. पहिल्यांदा मी आईलाच बसवलं. तिला हसू येत होतं, तिनं पदर सारखा केला, चष्मा लावला.

आधी संमतीपत्र असतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं: भाग घ्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे, नको वाटलं तर मध्येच थांबता येईल, नाव कुठेही येणार नाही. मग खालची रेघ दाखवली.

आईनं पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘हितं माझी सही लागती व्हय?’

‘लागते,’ मी म्हटलं. ‘तुझ्या सहीशिवाय पुढं जाता येत नाही.’

तिनं कागद जवळ ओढला आणि सावकाश, एकेक अक्षर वळवत, पूर्ण नाव लिहिलं.